तोवर त्या दुसऱ्याला कोणी बांधून ठेवलंय का?

शाळेतून आल्यावर दप्तर कॉटवर फेकायचं आणि कार्टून नेटवर्क लावायचं, त्या वर्षांतली गोष्ट. आमच्याकडे तेव्हा भारनियमन जोरात होतं. 'ड्रॅगन बॉल'चा नायक गोकू ओरडायला लागला, केस उभे राहायला लागले, जमीन फुटून दगड वर उडायला लागले, आणि वीज गेली. मी चरफडत अंगणात जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं वीज आली तेव्हा दुसराच कार्यक्रम सुरू होता. दुसऱ्या दिवशी मोठ्या धास्तीनं टीव्ही लावला, तर गोकू तिथेच उभा. अजून ओरडतच होता.

आजी बाजूला गवार मोडत बसायची. तिला यातलं काही आवडत नसे, पण टीव्ही सुरू असला की नजर जायचीच. तिनं एकदा विचारलं, "अरे, हा एवढा बेंबीच्या देठापासून ओरडतोय, तोवर त्या दुसऱ्याला कोणी बांधून ठेवलंय का? मारत का नाही तो?" मी म्हटलं, "आजी, त्याला राग आलाय ना, म्हणून त्याची शक्ती वाढतेय." त्यावर ती म्हणाली, "राग आला म्हणून शक्ती वाढायला लागली असती तर तुझ्या आजोबांनी डोंगर उचलला असता."

आजीच्या या दोन प्रश्नांची उत्तरं मी गेली वीसेक वर्षं अधूनमधून शोधतोय. समोरचा थांबतो का, आणि रागानं शक्ती वाढते कशी? त्यातला दुसरा प्रश्न जास्त खोल आहे.

जपानी भाषेत एक रुळलेला वाक्प्रचार आहे, 'काजिबा नो बाकाजिकारा'. काजिबा म्हणजे जिथे आग लागलीय ती जागा, आणि बाकाजिकारा म्हणजे वेडं बळ. घराला आग लागल्यावर एरवी हलणारही नाही असं कपाट एखादी किरकोळ बाई पाठीवर घेऊन बाहेर येते, ते बळ. आपण 'अंगात दहा हत्तींचं बळ आलं' म्हणतो, त्याच जातीचं. 1979 साली 'शोनेन जंप' या चित्रकथांच्या साप्ताहिकात 'किन्निकुमान' ही कुस्तीची मालिका सुरू झाली. तिच्या लेखकांनी या वाक्प्रचाराला थोडी शिवी जोडली, 'काजिबा नो कुसोजिकारा' असं त्याचं नाव केलं आणि ते नायकाच्या खास शक्तीला देऊन टाकलं. नायकाचं बळ जेमतेम साडेनऊ लाख. समोरचा बफेलोमॅन 1 कोटीचा. हिशेबानं नायक मेलाच पाहिजे. पण मित्रासाठी लढताना त्याच्या आत ती आग लागते आणि हिशेब मोडतो.

माझ्या मते इथे एक फार महत्त्वाची गोष्ट घडलेली आहे, आणि ती भावनेपेक्षा आकड्याची आहे. नायक चिडतो आणि जिंकतो, हे कुठल्याही देशातल्या कथेत सापडेल. पण आधी आकडा सांगायचा, तो वाचकाच्या डोक्यात पक्का बसवायचा आणि मग भावनेनं तो मोडायचा, ही वेगळी कारागिरी आहे. आकडा नसेल तर भावनेनं नक्की किती फरक पडला हे कळणार कसं?

ही कारागिरी सगळ्यात स्वच्छ दिसते ती 'ड्रॅगन बॉल'मध्ये. ही अकिरा तोरियामा यांची मालिका, 1984 ते 1995 याच साप्ताहिकात चालली. पहिली काही वर्षं तिच्यात आकडे नव्हतेच. मग अंतराळातून गोकूचा भाऊ रॅडिट्झ येतो आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर एक काचेचं यंत्र असतं, स्काउटर. समोरच्याचं लढण्याचं बळ किती, ते त्या काचेवर आकड्यात दिसतं. शेतात बंदूक घेऊन उभा असलेला शेतकरी 5. गोकू 334. गोकू अंगावरचे सरावाचे जड कपडे उतरवतो, मग 416. म्हणजे यंत्र खरं बोलतंय, वजन उतरवलं की फरक दाखवतंय, असा आपला विश्वास बसतो. रॅडिट्झ या दोघांच्या कितीतरी पुढे आहे, हेही त्यामुळे कळतं.

आणि याच स्काउटरवर एकदा 710 दिसतं. रॅडिट्झ दचकतो, यंत्र बिघडलं म्हणतो. तो आकडा येतोय एका यानात कोंडून ठेवलेल्या चार वर्षांच्या पोराकडून. तो गोकूचा मुलगा गोहान, आणि तो रडतोय. पुढे बाहेर बापाला तुडवलं जातं तेव्हा तो यान फोडून बाहेर येतो, आणि काचेवर 1307. पोरगं डोकं पुढे करून रॅडिट्झच्या छातीवर आदळतं, त्याचं चिलखत तडकतं. राग ओसरतो, पोरगं जमिनीवर पडतं, आणि काचेवर पुन्हा पाहिलं तर 1.

या थोड्या पानांत पुढच्या तीस वर्षांचा अॅनिमे आहे असं म्हटलं तर लोक मला वेड्यात काढतील, पण मी म्हणतोच. तोरियामांनी बळ मोजायचं यंत्र आणलं आणि त्याच कथेत, जवळजवळ लगेच, त्या यंत्राला न कळणारी एक गोष्ट त्याच्यासमोर उभी केली. मोजपट्टी आणि तिला न जुमानणारं पोर, दोन्ही एकदमच जन्मली. 710, 1307 आणि मग 1. भावनेचा आलेखच तो.

आता नामेक ग्रहावर जाऊ. गोकू पहिल्यांदा सुपर सायान होतो, म्हणजे केस सोनेरी होऊन त्याचं बळ कितीतरी वाढतं, ते इथे. छापील मालिकेत हे 1991च्या वसंतात आलं, आणि तोएई अॅनिमेशननं केलेल्या टीव्ही मालिकेत त्याच वर्षी जूनमध्ये, 95व्या भागात. हा प्रसंग सगळ्यांना 'गोकूचा जुना मित्र क्रिलिन मेला आणि गोकू भडकला' एवढाच आठवतो. तो तेवढाच असता तर चालला नसता. त्याच्या आधी तोरियामा एकेक करून किती दारं बंद करतात ते पाहण्यासारखं आहे.

पहिलं दार आकड्यांचं. खलनायक फ्रीझा स्वतःच आपलं बळ 5 लाख 30 हजार असल्याचं सांगतो, आणि ते त्याच्या पहिल्या रूपात. नंतर तो आणखी तीनदा रूप बदलतो. तिथे गोकूकडे 'काइओकेन' नावाचं तंत्र आहे, त्यानं आपलं बळ काही पटींनी वाढवता येतं आणि त्याबदल्यात शरीर फाटायला येतं. गोकू दहापट वापरतो. फ्रीझा निम्म्या ताकदीनं लढत असतो. गोकू वीसपट करतो. फ्रीझाचा हात फक्त भाजतो. गुणाकार संपला. मग दुसरं दार, 'गेन्कीदामा': दोन्ही हात वर करून आसपासच्या सगळ्या जिवांकडून थोडी थोडी शक्ती मागून घेतलेला मोठा गोळा. तो गोळा पडतो, फ्रीझा त्याखाली जातो, आणि आपली माणसं हसायला लागतात. क्रिलिन घरी जायच्या गोष्टी करायला लागतो. मला वाटतं वाचकही इथे खरोखर सैल बसला असेल. आणि त्या हसण्यात मागच्या कड्यावर फ्रीझा उभा दिसतो.

गोकूचा साथी पिकोलो फ्रीझाच्या किरणानं कोसळतो, मग फ्रीझा बोटाच्या इशाऱ्यानं क्रिलिनला हवेत उचलतो आणि फोडतो.

तिसरं दार या क्षणाच्या बऱ्याच आधी, कित्येक वर्षांपूर्वी बंद झालेलं आहे. या कथेत सात ड्रॅगन बॉल गोळा करून ड्रॅगनला बोलावलं की तो मेलेली माणसं परत आणतो. म्हणजे मृत्यूला किंमतच नाही. पण पृथ्वीवरचा ड्रॅगन एका माणसाला एकदाच परत आणू शकतो, आणि क्रिलिन पूर्वी एकदा मरून परत आलेला आहे. गोकूच्या तोंडी तोरियामांनी हेच घातलंय: हा आता परत यायचा नाही. लाखो पोरांनी तो नियम वर्षानुवर्षं वाचलेला होता. तो नेमका इथे वसूल झाला. पुढे नामेकच्या ड्रॅगननं क्रिलिनला परत आणलं, हे खरं. पण त्या आठवड्यात अंक हातात घेऊन बसलेल्या पोराला ते माहीत नव्हतं.

म्हणजे आधी गोकूच्याच वंशाच्या व्हेजिटानं 'सुपर सायान' या दंतकथेची चाहूल देऊन ठेवली होती, फ्रीझाला तिचीच भीती होती, बळाचे सगळे गुणाकार करून झाले होते, उसनी शक्ती वापरून झाली होती आणि परत न येणारं माणूस गेलं होतं. एवढं सगळं झाल्यावर राग येतो. रागानं शक्ती दिली असं दिसतं. मला विचाराल तर राग फक्त किल्ली होता. कुलूप बसवायला दीड-दोन वर्षं लागली होती.

आणि तो बदल कागदावर कसा दिसतो हे एकदा छापील पानावर बघा. गोकूचे केस काळे, म्हणजे दर चौकटीत शाईनं भरलेले. सुपर सायान झाल्यावर ते कोरे. काळ्या-पांढऱ्या पानावर सोनेरी म्हणजे न भरलेली जागा. तोरियामांनी नंतर सांगितलं की यामागे एक साधं कारण होतं: केस भरत बसायला त्यांच्या सहायकाचा वेळ फार जायचा, तो वाचवायचा होता. आणि नजरेची ती धार त्यांनी ब्रूस लीच्या रोखून बघण्यावरून घेतली. आळसातून निघालेली युक्ती म्हणून लोक हसतात. पण परिणाम पाहा: पानावरची सगळ्यात काळी जागा अचानक पांढरी होते, आणि त्या पांढऱ्याच्या खाली भुवया आणि डोळे तेवढे उरतात. शक्ती वाढली हे दाखवायला त्यांनी शाई कमी केली.

त्यात गोकू जे बोलतो तेही ऐकण्यासारखं. तो गोहानला तिथून निघून जायला सांगतो, माझं भान थोडंफार शिल्लक आहे तोवर नीघ, अशा अर्थाचं. नेहमीचा हसरा बाप पोराला पहिल्यांदाच असा तुटक बोलतो. जपानी मालिकेत बाप आणि मुलगा दोघांचेही आवाज एकाच बाईचे आहेत, मासाको नोझावा यांचे. स्वतःच स्वतःला निघून जा म्हणून ओरडायचं आणि स्वतःच घाबरून ऐकायचं. हे कळल्यापासून मला तो प्रसंग साधेपणानं बघता येत नाही.

आता आजीचा पहिला प्रश्न. फ्रीझा थांबतो का?

याचं अर्धं उत्तर निव्वळ धंद्याचं आहे. छापील मालिकेचं आठवड्याला पंधराएक पानांचं प्रकरण यायचं आणि टीव्हीवरही आठवड्याला एक भाग. एका प्रकरणात वीस-बावीस मिनिटांचा मजकूर नसतो. टीव्हीवाले लेखकाच्या अगदी टाचेवर आलेले. पुढे गेले तर गोष्टच संपेल. मग वेळ काढायचा कसा? बघत राहा, ओरडत राहा, दगड उडवत राहा. शिवाय हे स्वस्तात होतं. उभा माणूस, हलणारा फक्त त्याच्याभोवतीचा उजेड, आणि त्या उजेडाची तीच ती चित्रं फिरवून फिरवून वापरायची. फ्रीझा म्हणतो ग्रह पाच मिनिटांत फुटणार, आणि ती पाच मिनिटं नऊ-दहा भाग चालतात. माझी वीज गेली तरी काही चुकलं नाही, त्याचं कारण हे.

उरलेलं अर्धं उत्तर जुनं आहे. काबुकी नाटकात भावना टिपेला गेली की नट एका ठसठशीत पवित्र्यात गोठतो, डोळे वटारतो, आणि बाजूला बसलेला माणूस लाकडी ठोकळे फळीवर आपटतो. त्याला 'मिए' म्हणतात. त्या क्षणी रंगमंचावरचे बाकीचे लोक काही करत नाहीत, कारण वेळ त्या नटाची असते. आणखी एक युक्ती आहे, 'बुक्काएरी': नटाच्या खांद्यावरचे दोरे ओढले की वरचा पोशाख गळून खाली लोंबतो आणि आतला वेगळ्याच रंगाचा दिसतो, पात्राचं खरं रूप उघडं पडल्याची ती खूण. तोरियामा काबुकी डोळ्यांपुढे ठेवून बसले होते असा माझा दावा नाही. पण भर प्रसंगात थांबलेला वेळ आणि बदललेला रंग वाचायची सवय त्या प्रेक्षकाला आधीपासून होती. आजी मूळची कोकणातली, लहानपणी रात्र रात्र दशावतार बघितलेली. तिथेही अर्धा तास गाणं आणि मिनिटभर तलवार. तिथल्या राक्षसाला कोणी बांधलं होतं का, हे मी तिला विचारायला हवं होतं. सुचलं तेव्हा ती नव्हती.

ही एकाची युक्ती सगळ्यांची रीत कशी झाली, ते त्या साप्ताहिकाच्या कारभारात दडलंय. 'शोनेन जंप'च्या अंकात एक कार्ड असायचं. वाचकानं आवडलेल्या तीन मालिका निवडून ते पाठवायचं. ज्या मालिका खाली राहतात त्या बंद होतात, काही तर दोन-तीन महिन्यांतच. मैत्री, कष्ट आणि विजय हे या साप्ताहिकाचे तीन शब्द. मित्रासाठी चिडून बळ वाढणं या एका क्षणात हे तिन्ही बसतात, आणि तो क्षण नेमक्या एका आठवड्याच्या पानांत मावतो. 1994च्या अखेरीस या साप्ताहिकाचा एक अंक 65 लाखांवर छापला जात होता. ते वाचणाऱ्या पोरांतलीच काही पुढे चित्रं काढायला बसली.

आणि रीत झाली की तिची बाराखडी होते. 'नारुतो'मध्ये एका घराण्याचे डोळे तीव्र दुःखात बदलतात, तर तिथे एक पात्र चक्क शरीरशास्त्र समजावतं: प्रेमाचं माणूस गेलं की मेंदूत अमुक शक्ती तयार होते आणि ती डोळ्यांच्या नसांवर जाते. गोहानच्या वेळी यंत्र बुचकळ्यात पडलं होतं. इथे सगळं पाठ्यपुस्तकात आलं.

खुद्द 'ड्रॅगन बॉल'मध्ये घसरण आणखी लवकर झाली. गोकूचा धाकटा मुलगा गोतेन आईबरोबर सराव करता करता सुपर सायान होतो. कोणी मेलं नाही, कोणी रडलं नाही. त्यावर व्हेजिटा म्हणतो, सुपर सायानचा सेल लागलाय की काय. मला हे वाक्य फार आवडतं, कारण ते लेखकाचंच वाटतं. ज्या रूपासाठी क्रिलिनला जावं लागलं ते आता पोरांना घरबसल्या मिळतंय, हे तोरियामांना दिसत होतं आणि त्यांनी ते सगळ्यात गर्विष्ठ पात्राच्या तोंडून सांगून टाकलं. पुढच्या 'ड्रॅगन बॉल सुपर'मध्ये तर पाठीत मुंग्या येतात तिथे लक्ष केंद्रित करा, की झालं. त्या भागानंतर मी मालिका सोडली. परत धरली, ते वेगळं.

यातली खोट कशी ओळखायची? मी एक साधी गोष्ट बघतो: बळ वाढायच्या आधी काय गेलं, आणि ते जाण्याआधी त्याला कथेत किती जागा होती. मित्र त्याच भागात आला आणि त्याच भागात मेला, तर नायक कितीही ओरडो, मला जेवणाची आठवण होते.

योशिहिरो तोगाशी यांनी 'हंटर × हंटर'मध्ये या रीतीचा हिशेब मागितला. हीही त्याच साप्ताहिकातली, 1998 पासूनची. तिथे शक्तीचा नियमच असा, की स्वतःवर जेवढी कडक अट घालाल, जेवढं पणाला लावाल, तेवढं बळ मिळेल. फुकट काही नाही. गोन हा तिथला नायक, एक लहान, हसरा मुलगा. त्याचा गुरुतुल्य काइट पितो या शत्रूच्या हातून मारला गेलाय, पण गोनला ते माहीत नाही; काइट बरा होईल या आशेवर तो थांबलेला आहे. पितो अखेर सांगतो, काइट आधीच मेलाय, त्याला परत आणता येणार नाही. इथवर सगळं नामेकसारखं: परत न येणारं माणूस, आणि चिडलेला नायक.

आणि मग गोन आरडाओरडा करत नाही. हे इथेच संपलं तरी चालेल, पण मला सगळं दे, अशा अर्थाचं काहीतरी मनाशी म्हणतो. त्याचं शरीर तिथल्या तिथे वाढतं, पितोला मारता येईल त्या वयापर्यंत. केस सरळ वर, पडद्याबाहेर जाणारे. पुढच्या सगळ्या वर्षांत जे बळ त्याला मिळालं असतं ते त्यानं एका रात्रीत उचललंय. तो पितोला मारतो, मेल्यावरही मारत राहतो. त्याचा मित्र किलुआ धावत येतो तेव्हा समोर एक धिप्पाड अनोळखी माणूस उभा असतो.

मागच्या दिवाळीत भाचा आला होता, बारा वर्षांचा. त्याला मी मोठ्या हौसेनं आधी नामेकचा भाग लावून दिला. त्यानं पहिल्याच किंकाळीला रिमोट घेतला आणि दहा-दहा सेकंद पुढे ढकलायला लागला. "मामा, जिंकणारच आहे ना हा." दुसऱ्या दिवशी गोनचा भाग, 131वा, लावला. आधीचं सगळं त्यानं शाळेच्या सुट्टीत बघून टाकलं होतं, फक्त इथवर यायचा राहिला होता. रिमोट त्याच्या मांडीवरच होता. किलुआ आला, त्यानं त्या माणसाकडे पाहिलं, आणि भाचा म्हणाला, "हा परत लहान होतो का?"

मी म्हटलं, पुढे बघ. त्यानं भाग थांबवला आणि पाणी प्यायला उठला.